दोन फुटी टेबल आणि ३४ इंची मॉनिटर: वक्र घ्यावा की सपाट?

हिशेबनीस_ठाणे

नमस्कार. मी घरूनच लेखापरीक्षणाचे काम करतो आणि दिवसाचे सात-आठ तास एक्सेलचे दोन तक्ते शेजारी शेजारी उघडून ताळा घेण्यात जातात. सध्याच्या २२ इंची पडद्यावर ते दोन तक्ते दाटीवाटीने बसतात, म्हणून ३४ इंची, २१:९ प्रमाणाचा रुंद मॉनिटर घ्यायचे ठरवले आहे.

अडचण जागेची आहे. शयनगृहात कपाट आणि कोपऱ्याची भिंत यांच्यामध्ये सुताराकडून टेबल बसवून घेतलेले आहे. ते चार फूट लांब आणि दोन फूट खोल असून मागच्या भिंतीला पक्के केलेले आहे, त्यामुळे पुढे ओढता येत नाही. खाली कीबोर्डसाठी सरकता खण आहे. खिडकी माझ्या खुर्चीच्या मागे, किंचित डावीकडे येते.

दुकानात सारख्याच मापाचे दोन मॉनिटर पाहिले. एक सपाट, आयपीएस पॅनेलचा. दुसरा वक्र, १५००आर, व्हीए पॅनेलचा. दुकानदाराचे म्हणणे असे की टेबल दोन फूट खोल म्हणजे पडदा दोन फुटांवर, आणि एवढ्या जवळून वक्रच घ्यावा. धाकट्या भावाचे म्हणणे असे की वक्र हा नुसता दिखाऊपणा आहे, सपाट २७ इंची घे आणि मोकळा हो. दोघांनाही कारण विचारले, तर समाधानकारक उत्तर मिळाले नाही. टेबलाची खोली, पडद्याची रुंदी आणि बसण्याचे अंतर यांवरून हा निर्णय कसा करावा, हे कोणी नीट सांगू शकेल का?

शेंगदाण्याची_चटणी

दुकानदाराने तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. १५००आर म्हणजे तो पडदा १५०० मिलिमीटर, अर्थात दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. त्या वर्तुळाच्या केंद्रावर बसले तरच पडद्याचा प्रत्येक भाग डोळ्यांपासून सारख्या अंतरावर येतो. तुम्ही दीड मीटरवर बसणारच नाही, दोन फुटांवर बसणार. तेव्हा त्या वक्रतेचा तुम्हाला काहीही उपयोग नाही. अगदी १०००आर घेतला, तरी एक मीटर मागे बसावे लागेल. दोन फुटी टेबलासाठी योग्य वक्र मॉनिटर बाजारात नाही, म्हणून सपाट घ्या.

काकूंचा_कट्टा

आमच्या दिवाणखान्यात सोफ्यापासून टीव्ही नऊ फुटांवर आहे. माझ्या मुलाला ५५ इंची वक्र टीव्ही घ्यायचा आहे आणि तो जुना असला तरी एका ओळखीच्यांकडे स्वस्तात मिळतो आहे. या चर्चेवरून पाहता तो घ्यावा का?

छापखाना

मी गेली बरीच वर्षे छपाईपूर्व रंगतपासणीचे काम करतो आणि त्यासाठी वेगवेगळ्या पडद्यांसमोर, वेगवेगळ्या टेबलांवर बसलो आहे. क्रमाने लिहितो.

टेबल दोन फूट खोल म्हणजे डोळा ते पडदा अंतर दोन फूट, हे समीकरण दोन्ही टोकांनी चुकते. मॉनिटरच्या स्टँडचा पाय साधारणपणे २० ते २५ सेंटिमीटर खोल असतो. पडदा त्या पायाच्या मागच्या टोकावर नसतो, तर मधोमध किंवा थोडा पुढे असतो. पाय भिंतीला टेकवून ठेवला तरी काचेचा पृष्ठभाग भिंतीपासून १५ ते १८ सेंटिमीटर पुढे येतो. म्हणजे साठ सेंटिमीटरच्या टेबलापैकी पडद्यासमोर ४२ ते ४५ सेंटिमीटरच उरतात. दुसऱ्या टोकाला तुमचे डोळे टेबलाच्या कडेवर नसतात, ते कडेच्या मागे असतात, आणि किती मागे हे तुमच्या बसण्यावर ठरते. कोपर टेबलावर टेकून लिहिणारा माणूस आणि खण बाहेर ओढून खुर्चीत रेलून टंकलेखन करणारा माणूस, यांच्यात सहज वीतभर फरक पडतो. तेव्हा टेबल मोजू नका, स्वतःला मोजा. नेहमीसारखे बसा, टेप नाकाच्या मुळाशी धरा आणि जिथे काच येणार आहे तिथपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. स्वतः वाचायला वाकलात की माप बिघडते.

हे अंतर मिळाले की पडद्याची निम्मी रुंदी त्याने भागा. ३४ इंची पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून निम्मी रुंदी ४०. २७ इंची सपाट पडद्याची निम्मी रुंदी ३०. उत्तर अर्ध्याच्या आसपास किंवा त्याखाली आले, तर सपाट पडदा निर्धास्त घ्यावा. दोन तृतीयांशाच्या आसपास किंवा वर गेले, तर वक्रतेचा उपयोग स्पष्ट जाणवतो. मधल्या भागात आवड आणि काम पाहावे. हा माझा अनुभवाचा आडाखा आहे, कोणत्याही प्रमाणपत्रातला नियम नाही.

यातली गंमत अशी की हाच ३४ इंची पडदा ८० सेंटिमीटरवरून पाहिला तर उत्तर नेमके अर्धे येते आणि वक्रतेची गरज जवळजवळ उरत नाही. तोच ६० सेंटिमीटरवरून पाहिला तर उत्तर दोन तृतीयांश येते. म्हणजे प्रश्न मॉनिटरचा कमी आणि वीस सेंटिमीटरच्या लाकडाचा जास्त आहे.

शेंगदाण्याची_चटणी यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बरोबर नाही. केंद्रावर बसले तर सर्व बिंदू समान अंतरावर येतात हे खरे. पण त्याच्या आत बसले म्हणून वक्रतेचा परिणाम नाहीसा होत नाही, तो अपुरा राहतो एवढेच. उदाहरणच घ्या. सपाट ३४ इंची पडद्यासमोर ६० सेंटिमीटरवर बसले, तर मध्यभाग ६० वर आणि कड ७२ वर असते, म्हणजे फरक १२ सेंटिमीटरांचा. १५००आर पडद्याची कड मध्यापेक्षा सव्वापाच सेंटिमीटर पुढे येते आणि डोळ्यापासून तिचे अंतर साडेसदुसष्ट होते. फरक साडेसातवर येतो. त्याहून महत्त्वाचा आहे तो तिरपेपणा. सपाट पडद्याची कड आपण समोरून पाहत नाही, सुमारे ३४ अंशांनी तिरपी पाहतो. वक्र पडद्याची कड आपल्याकडे वळलेली असल्यामुळे तोच तिरपेपणा २१ अंशांच्या आसपास येतो. कडेचे अक्षर दबलेले दिसणे, कडेचा पांढरा रंग किंचित मळकट दिसणे, या तक्रारी अंतरापेक्षा या तिरपेपणातून येतात.

काकूंचा_कट्टा, ५५ इंची टीव्हीची निम्मी रुंदी सुमारे ६१ सेंटिमीटर आणि नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. भागाकार पाव देखील येत नाही. शिवाय सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला जवळची कड आणखी तिरपी दिसेल. स्वस्त असला तरी घेऊ नका.

काकूंचा_कट्टा

धन्यवाद. मुलाला दाखवते.

नकाशावाला

मी अंतर्गत सजावटीचे नकाशे काढतो, म्हणून माझा अनुभव लिहितो. दोन वर्षांपूर्वी १५००आर वक्र पडदा घेतला आणि चार महिन्यांत विकून टाकला. छताची रेषा सरळ काढली आहे हे मला माहीत असायचे, आज्ञावलीही ती सरळ असल्याचे सांगायची, परंतु डोळ्याला ती टोकांशी वाकलेली दिसायची. ग्राहक शेजारी खुर्ची टाकून बसले की आणखी पंचाईत. त्यांच्या बाजूची कड त्यांच्याकडे पाठ फिरवल्यासारखी होते आणि ते मान लांब करून पाहतात. हिशेबाचे तक्ते म्हणजे शेवटी आडव्या-उभ्या रेषाच. माझ्या मते सपाटच घ्या. आणि व्हीए पॅनेल तर मुळीच घेऊ नका, त्याचे रंग तिरपे पाहिले की उतरतात.

हिशेबनीस_ठाणे

सर्वांचे आभार. छापखाना यांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. पत्नीला टेप धरायला सांगितली आणि मी आपला नेहमीसारखा बसलो.

मजेशीर गोष्ट अशी निघाली की माझे एक अंतर नाही, दोन आहेत. सकाळी कागदपत्रे समोर पसरून, कोपर टेबलावर टेकून काम करतो तेव्हा नाकापासून काचेच्या जागेपर्यंत ५७ सेंटिमीटर भरले. दुपारनंतर कीबोर्डचा खण बाहेर ओढून मागे रेलतो तेव्हा ७४. काचेची जागा भिंतीपासून १८ सेंटिमीटरवर धरली, कारण वक्र मॉनिटरच्या बाजूने काढलेल्या आकृतीत स्टँडसह एवढीच येते.

भागाकार केले. ३४ इंचीसाठी सकाळी ०.७०, दुपारी ०.५४. भाऊ सुचवतो त्या २७ इंचीसाठी सकाळी ०.५३, दुपारी ०.४१. म्हणजे सकाळचा मी वक्र घ्यावा म्हणतो आणि दुपारचा मी सपाट!

दुकानदार मॉनिटर घरी आणून दाखवायला तयार नाही. तेव्हा घेण्यापूर्वी स्वतः पडताळून पाहण्याचा काही मार्ग आहे का?

छापखाना

मार्ग आहे आणि त्याला खर्च नाही. शीतकपाटाच्या किंवा कपडे धुण्याच्या यंत्राच्या खोक्याचा पुठ्ठा मिळवा. त्यातून ८० बाय ३४ सेंटिमीटरची पट्टी कापा. तिच्या डाव्या व उजव्या कडेपासून पाच सेंटिमीटर आत आणि मध्यभागी, अशा तीन ठिकाणी तुमच्या खऱ्या तक्त्याचे छापील तुकडे चिकटवा. अक्षरे पडद्यावर जेवढी दिसतील तेवढीच ठेवा. पहिल्यांदा पट्टी सपाट उभी करून वाचा.

वक्र पडद्यासाठी फरशीवर दीड मीटरचा दोरा घ्या, एक टोक दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून ८० सेंटिमीटर लांबीचा कंस काढा. पट्टी त्या कंसावर उभी वाकवा आणि मागून दोन-तीन ठिकाणी पुठ्ठ्याचे आडवे तुकडे चिकटवून तो आकार पक्का करा. दोन्ही टोकांना दोरा ताणून धरला, तर मध्याची पोकळी सव्वापाच सेंटिमीटर भरली पाहिजे. तेवढी भरली की आकार बरोबर आला. मग ती पट्टी टेबलावर, भिंतीपासून मध्यभाग १८ सेंटिमीटरवर येईल अशी ठेवा आणि तुमच्या दोन्ही बैठकींतून वाचा.

पुठ्ठ्यावरून रंग आणि प्रकाश कळणार नाही, परंतु मान किती वळते, कडेचा आकडा वाचायला खांदा हलवावा लागतो का, आणि टेबलावर हिशेबाच्या फायली ठेवायला जागा उरते का, हे तिन्ही लगेच कळते. शेवटची गोष्ट लोक विसरतात. वक्र पडद्याची दोन्ही टोके सव्वापाच सेंटिमीटर पुढे येतात, आणि टेबलावरचा दिवा, स्पीकर किंवा पाण्याची बाटली नेमकी त्याच टोकांपाशी असते.

नकाशावाला यांचे निरीक्षण खरे आहे, परंतु त्याचे कारण सांगितले तर हिशेबनीसांना ते स्वतःला लागू पडते का हे ठरवता येईल. वक्र पडद्यावर जी आडवी रेषा नेमकी डोळ्याच्या पातळीवर असते, ती सरळच दिसते. तिच्या खालच्या रेषांची टोके खाली झुकलेली दिसतात, कारण टोके मध्यापेक्षा आपल्याकडे पुढे आलेली असतात. डोळा पडद्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर असेल आणि अंतर ५७ असेल, तर सर्वांत खालच्या पट्टीची टोके मध्यापेक्षा सुमारे साडेतीन सेंटिमीटर खाली असल्यासारखी दिसतील. डोळा पडद्याच्या मध्याच्या पातळीवर आणला, तर हा बाक वरखाली निम्मा निम्मा वाटला जातो. उभ्या रेषांना काहीच होत नाही. ज्याचे पोट रेषेच्या सरळपणावर आहे, त्याने वक्र घेऊ नये हे मलाही मान्य आहे. ज्याचे पोट रकान्यातल्या आकड्यावर आहे, त्याला बहुधा दोन-तीन दिवसांत सवय होते.

व्हीए पॅनेलबद्दल मात्र थोडी दुरुस्ती करतो. ते तिरपे पाहिले की गडद छटा उतरतात, हे खरे. नेमक्या त्याच कारणाने ते पॅनेल वक्र असणे फायद्याचे ठरते, कारण कड तुमच्याकडे वळलेली असते. सपाट व्हीए ३४ इंची आणि अंतर ५७, अशी जोडी असेल तर मी ती नाकारीन. वक्र व्हीए आणि सपाट आयपीएस यांत निवड असेल, तर तक्त्यांसाठी दोन्ही चालण्यासारखे आहेत.

नकाशावाला

सवय होते हे मला पटत नाही. मला चार महिन्यांत झाली नाही.

चाळिशी_पार

मी ५८ वर्षांचा आहे आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरतो. माझ्या मते इथे सर्वांनी मुख्य मुद्दा सोडून दिला आहे. वक्र पडद्यामुळे डोळ्याला मध्य आणि कड यांच्यासाठी वेगवेगळे फोकस करावे लागत नाही, म्हणून डोळे थकत नाहीत. विक्रेत्याने मला हेच सांगितले होते आणि मी घेतला. माझी डोकेदुखी थांबली.

छापखाना

डोकेदुखी थांबली ही आनंदाची गोष्ट आहे. तिचे श्रेय वक्रतेला किती द्यावे, याबद्दल मी साशंक आहे. फोकसचा हिशेब डायॉप्टरमध्ये करून पाहा. ६० सेंटिमीटरवरून सपाट ३४ इंचीच्या मध्याकडून कडेकडे जाताना डोळ्याला सुमारे पाव डायॉप्टरचा फरक करावा लागतो. वक्र पडद्यावर तोच फरक पाव डायॉप्टरपेक्षा थोडा कमी होतो. चष्म्याच्या दुकानात क्रमांक बदलतात तोही पावाच्या टप्प्यांनीच. वक्रतेने वाचलेला फरक त्याहूनही लहान आहे.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याची खरी अडचण वेगळी असते. मधल्या अंतरासाठी असलेला भाग अरुंद असतो आणि काचेच्या बाजूंना चित्र पसरल्यासारखे दिसते. म्हणून रुंद पडद्याच्या कडेकडे पाहताना केवळ डोळे फिरवून भागत नाही, पूर्ण मान फिरवावी लागते. तुम्ही नवा पडदा घेताना तो आधीच्यापेक्षा खाली किंवा लांब ठेवला होता का?

चाळिशी_पार

आधीचा पडदा दोन जाड पुस्तकांवर ठेवलेला होता. नवा थेट टेबलावर आहे. हा विचार मी केला नव्हता. तरीही वक्रतेमुळे बरे वाटते असे माझे मत कायम आहे.

हिशेबनीस_ठाणे

पुठ्ठ्याचा प्रयोग रविवारी केला. शेजारच्यांकडे नुकतेच कपडे धुण्याचे यंत्र आले होते, त्याचे खोके मिळाले. बैठकीच्या फरशीवर दोरा आणि खडू घेऊन कंस काढत असताना मुलीने विचारले की दिवाळीला अजून अवकाश आहे ना.

सकाळच्या बैठकीतून, म्हणजे ५७ सेंटिमीटरवरून, सपाट पट्टीच्या उजव्या कडेचा रकाना वाचताना आकडे अरुंद दिसले. ३ आणि ८ यांच्यात एकदा गोंधळ झाला, आणि माझ्या कामात हा गोंधळ परवडत नाही. आठ-दहा ओळी वाचल्यावर मी नकळत धड उजवीकडे झुकवले होते, हे पत्नीने दाखवून दिले. वाकवलेल्या पट्टीवर मान वळली, पण धड जागचे हलले नाही. दुपारच्या बैठकीतून, ७४ वरून, दोन्ही पट्ट्यांत मला सांगण्यासारखा फरक जाणवला नाही. छापखाना यांचा आडाखा निदान माझ्या बाबतीत तंतोतंत लागू पडला.

२७ इंचीच्या मापाची पट्टीही करून पाहिली. कडा दोन्ही बैठकींतून स्वच्छ दिसल्या. परंतु तीवर दोन तक्ते लावले की प्रत्येकाचे चार-पाच रकाने कमी बसतात. उंची ३४ इंचीएवढीच असल्यामुळे ओळी तेवढ्याच दिसतात, जाते ती फक्त रुंदी. भावाला हे दाखवले, त्याने विषय बदलला.

आता नवीन विचार असा की स्टँड काढून भिंतीलगत मॉनिटर आर्म लावला, तर पडदा मागे सरकेल आणि सकाळचे अंतरही वाढेल. मग सपाट चालेल का?

जुना_वायरमन

आर्मबद्दल मी सांगतो, कारण असे बरेच बसवले आहेत. घडी घालणारा आर्म भिंतीला चिकटलेल्या टेबलावर लावला, तर त्याचे कोपर मागे जायला जागा मागते. मागे भिंत असल्यामुळे ते कोपर आडवे, पडद्याच्या मागून एका बाजूला काढावे लागते. तसे केले तर सपाट पडद्याची काच भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर येऊ शकते. म्हणजे तुमचे आठेक सेंटिमीटर वाचतील. वक्र पडद्याचा मध्यभाग मागे फुगलेला असतो आणि आर्म जोडण्याची व्हेसाची चार भोके तिथेच असतात, त्यामुळे त्याची टोके भिंतीपासून आणखी लांब दिसतात. त्यात बिघाड काही नाही.

दुसरे असे की आर्मचा शिकंजा टेबलाच्या मागच्या कडेला लागतो. तुमचे टेबल भिंतीला पक्के आहे, मग शिकंज्याचा मागचा जबडा जाणार कुठून? सुताराकडून तेवढ्या भागात खाच करून घ्यावी लागेल, किंवा टेबलाला आरपार भोक पाडून बोल्टने बसणारा आर्म घ्यावा लागेल. टेबल पाऊण इंची प्लायचे असेल तर बोल्ट चालतो. भुशाच्या बोर्डाचे असेल तर वरून-खालून लोखंडी पट्टी दिल्याशिवाय बसवू नका. काही महिन्यांत बोर्ड दबतो, आर्म पुढे कलतो आणि आधी सनमायका उचलला जातो. ती पहिली खूण समजा.

छापखाना

आर्मने ५७ चे ६५ झाले, तर ४० भागिले ६५ म्हणजे ०.६२. सीमारेषेवरच आहे. सपाट आयपीएस तेव्हा वाईट दिसणार नाही, परंतु तुमच्या पुठ्ठ्याच्या प्रयोगात ३ आणि ८ यांचा गोंधळ झाला होता, तो पूर्ण जाईल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पट्टी ६५ वर ठेवून पुन्हा एकदा वाचून पाहा.

एका गोष्टीकडे अजून लक्ष गेलेले नाही. तुमची खिडकी पाठीमागे आहे. आतल्या बाजूला वळलेला पडदा जवळून पाहताना थोडाफार अंतर्गोल आरशासारखा वागतो आणि पाठीमागच्या खिडकीचे प्रतिबिंब आडवे पसरून मोठे करतो. सपाट पडद्यावर ती खिडकी एका जागी, चौकोनी दिसते आणि पडदा दोन बोटे फिरवला की बाहेर जाते. वक्र पडद्यावर ती फिकट पट्टा होऊन बराच भाग व्यापते आणि फिरवून सहसा जात नाही. याउलट खोलीच्या बाजूंना असलेले दिवे सपाट पडद्याच्या कडांत उतरतात, वक्र पडद्याच्या कडांत कमी उतरतात. तुमच्या खोलीत खिडकीचाच पक्ष जड आहे. वक्र घेणार असाल, तर खिडकीच्या जाड पडद्याचे पैसे त्यातच धरा.

शेंगदाण्याची_चटणी

माझा त्रिज्येचा निष्कर्ष चुकला हे मान्य करतो. परंतु मग १०००आर का घेऊ नये? वक्रता जेवढी जास्त, तेवढी कड जास्त वळलेली.

छापखाना

कड जास्त वळेल हे खरे. ६० सेंटिमीटरवरून ३४ इंचीत तिरपेपणा २१ अंशांवरून १४ वर येईल. त्या सात अंशांची किंमत अशी की टोके आठ सेंटिमीटर पुढे येतील, आडव्या रेषांचा बाक त्याच प्रमाणात वाढेल आणि खिडकीचा पट्टाही. ३४ इंचीला मी १५०० किंवा १८००वर थांबतो. ४९ इंचीचा पडदा सरळ मोजला तर जवळपास १२० सेंटिमीटर रुंद असतो, तिथे १०००चा विचार करता येतो. पण तो चार फुटी टेबलावर, एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला भिंत असताना, ठेवायचा कसा हा निराळा प्रश्न आहे.

हिशेबनीस_ठाणे

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

६५ वर पट्टी ठेवून पाहिली. सपाट पट्टीचा त्रास कमी झाला, गेला नाही. टेबल पाऊण इंची प्लायचे आहे, परंतु सुताराने खाच करायला नकार दिला, कारण नेमक्या त्याच जागी भिंतीचा आधाराचा कोन आहे. त्यामुळे आर्म राहिला आणि १५००आर वक्र पडदा मूळ स्टँडवरच घेतला.

पहिले दोन दिवस एक्सेलच्या खालच्या पानांची नावे असलेली पट्टी टोकांशी झुकलेली दिसत होती, आणि नकाशावाला यांची आठवण येत होती. चौथ्या-पाचव्या दिवसापासून तक्त्यांत ती जाणवत नाही. मात्र परवा एका ग्राहकाच्या गोदामाचा नकाशा उघडला, तेव्हा भिंत पुन्हा वाकलेली दिसली. म्हणजे सवय तक्त्यांपुरती झाली आहे असे म्हणावे लागेल. कडेच्या रकान्यात ३ आणि ८ स्पष्ट दिसतात, धड वळवावे लागत नाही.

खिडकीच्या बाबतीत छापखाना यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळेत डावीकडून मध्यापर्यंत दुधी पट्टा येतो, आणि संगणकावर गडद पार्श्वभूमीचे काही उघडले की तो फार खटकतो. खिडकीचा पडदा लावला तर खोलीत अंधार होतो आणि दिवा लावावा लागतो. यावर कोणी काही उपाय केला आहे का?

नकाशावाला

नकाशात भिंत वाकलेली दिसली ना? मी हेच सांगत होतो.

जुना_वायरमन

पडद्याऐवजी आडव्या पट्ट्यांची ब्लाइंड लावून पट्ट्या छताकडे वळवा. उजेड छतावर जातो आणि तिथून खोलीत पसरतो, पाठीमागून थेट येत नाही. माझ्या एका ग्राहकाकडे यावर भागले, दुसऱ्याकडे भागले नाही, कारण त्यांच्या समोरच्या इमारतीला काचा होत्या. तुमच्या समोर काय आहे?

हिशेबनीस_ठाणे

समोर पांढऱ्या रंगाची सहामजली इमारत आहे, आणि सकाळी तिच्यावरच ऊन असते. ब्लाइंडचे माप घेऊन बघतो.